बंद करायचं काम

त्या घरात चालू करायचं काम आजींचं आणि बंद करायचं काम आजोबांचं. चौतीस वर्षं हा शिरस्ता होता. तो कुणी ठरवला, कधी ठरवला, ते विचारू नका. संसारातल्या निम्म्या गोष्टी कुणीच ठरवलेल्या नसतात, त्या आपल्या होऊन बसतात.

आजोबा एका मोठ्या धुलाईखान्यात बॉयलरवर होते. तिथली रीत अशी की पेटवणारा एक आणि बंद करणारा दुसरा. पेटवणाऱ्याने मोठ्यांदा ओरडायचं, "चालू!" दुसऱ्याने जिथे असेल तिथून म्हणायचं, "ऐकलं!" एकदा "ऐकलं" म्हटलं की जबाबदारी त्याच्या गळ्यात. पेटवणारा मग खुशाल चहाला जावो. काम झालं की दुसरा ओरडणार, "बंद!" इतक्या वर्षांत त्या बॉयलरवर कुणाची पापणीसुद्धा भाजली नाही, हे आजोबा पाहुण्यांना निदान तीनदा ऐकवत. पाहुणा बहिरा असला तर चारदा.

माणूस कामावरून घरी येतो, पण काम काही त्याला सोडून तिथेच राहत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी आजी उठून बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडायच्या, बटण दाबायच्या आणि तिथूनच म्हणायच्या, "चालू!" पांघरुणातून आवाज यायचा, "ऐकलं!" मग आजी बाकीच्या कामाला मोकळ्या. अर्ध्या तासाने आजोबा उठणार, आधी बटण बंद करणार, रॉड जरा निवू देणार, मग तो बाहेर काढून खिळ्याला अडकवणार आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं "बंद!" म्हणणार. पुढे गीझर आला, खोलीतला हीटर आला, रॉड माळ्यावर गेला. शब्द तेच राहिले. सून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच सकाळी दचकून उठली होती. नवऱ्याला म्हणाली, "हे घर आहे की रेल्वेचं फाटक?"

तर ते आजोबा थंडी सुरू होता होता गेले. झोपेतच. सकाळी आजींनी गीझर लावला, "चालू!" म्हणाल्या आणि उत्तर आलं नाही. त्या पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत. आत गेल्या आणि त्यांना कळलं.

त्यानंतर आजी रडल्या नाहीत. लोक म्हणाले, रडा, मोकळ्या व्हा, आतल्या आत कुढू नका. आजींची धाकटी बहीण चार दिवस राहिली, तिने स्वतः रडून दाखवलं, पण छे! आजींना वाईट वाटत नव्हतं असं नाही. त्यांना काहीच वाटत नव्हतं. हातपाय आपापली कामं करत होते आणि त्या आपल्या मागून चालल्या होत्या. त्या घरी बसून शिंप्याच्या शर्टांना काजं करायच्या, आसपासचे लोक त्यांना काजवाल्या आजीच म्हणत. काजं अजून सरळ येत होती, टाका टाक्याला लागून. शिंपी म्हणाला, "आजी, हात काय आहे तुमचा!" आजींनी हाताकडे पाहिलं. तो दुसऱ्याच कुणाचा असावा असा दिसत होता.

एकच गोष्ट होती जिच्यासाठी त्या सकाळी डोळे उघडायच्या. ती म्हणजे ठकी. ठकी त्यांची नात, वय वर्षं चार, बोलणं वर्षं चाळीस. मुलगा लांब धरणाच्या कामावर, दोन-दोन महिने घरी नाही. सून बसमध्ये कंडक्टर, सकाळची ड्यूटी असली की पाचला घराबाहेर. ठकीला उठवायचं, अंघोळ घालायची, दूध पाजायचं, केस विंचरताना तिची बडबड ऐकायची. आजींचं सगळं जग एवढ्यावर आलं होतं. ठकी नसती तर त्या अंथरुणातच पडून राहिल्या असत्या, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं.

आणि नेमकं तेच हातातून जायची वेळ आली.

पहिल्यांदा गीझर. आजोबांना जाऊन सहा आठवडे झाले होते. आजींनी सकाळी सातला बटण दाबलं. दोघींच्या अंघोळी झाल्या, जेवणं झाली. सून अडीचला आली, हात धुवायला नळ सोडला तर नळातून पाण्याऐवजी वाफ थुंकत बाहेर आली. वर गीझरच्या बाजूचा छोटा व्हॉल्व्ह सुंसुं करत होता आणि त्यातून उकळतं पाणी भिंतीवर ठिबकत होतं. सुनेने बटण बंद केलं आणि वायरमनला बोलावलं.

वायरमन म्हणजे बोलघेवडा माणूस, पक्कड कमी आणि तोंड जास्त चालवणारा. पण काम चोख. झाकण उघडून त्याने आत बोट घातलं आणि सुनेला जवळ बोलावलं.

"वहिनी, पाणी तापलं की गीझर आपोआप थांबतो म्हणून लोक निर्धास्त असतात ना? थांबवतो तो हा थर्मोस्टॅट. हा गेला चिकटून. पाणी तापलं तरी हा करंट तोडतच नाही. ह्याच्या मागे दुसरा रखवालदार असतो कटआऊट, तोही गेलेला. आता उरला फक्त हा व्हॉल्व्ह. हाही क्षाराने बुजला असता तर गीझर म्हणजे शिट्टी नसलेला कुकर. भिंतीसकट गेला असता."

"मग किती वेळ चालू ठेवायचा असतो?"

"पाणी तापेपर्यंत. नवा असो की जुना, अंघोळीला जायच्या आधी बंद. मशीन आहे ते, सासरा नाही, त्याच्यावर भरवसा कसला ठेवता?"

बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली. सासरा कोण होता आणि कधी गेला, हे त्याला माहीत होतं. त्याने मुकाट्याने गीझर उतरवला, नवा मागवतो म्हणाला, आठ-दहा दिवस लागतील म्हणाला.

सून आजींना फार बोलली नाही. "आई, होतं असं," एवढंच म्हणाली. तिचंही खरंच होतं, घरातलं माणूस गेल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर असतं?

दुसऱ्यांदा हीटर. दोन कांड्यांचा, लाल होणारा. संध्याकाळी आजींनी तो पुढच्या खोलीत लावला. ठकीचा धुतलेला स्वेटर खुर्चीच्या पाठीवर वाळत होता. ठकीने खेळताना खुर्ची ढकलली, ती हीटरच्या तोंडाशी गेली. आजी दोन हातांच्या अंतरावर बसून काजं करत होत्या. स्वयंपाकघरातून सून धावत आली तेव्हा स्वेटरची एक बाही तपकिरी होऊन धुरत होती. तिने हीटरचं बटण बंद केलं, स्वेटर खिडकीबाहेर टाकला आणि मग सासूकडे पाहिलं.

"आई, तुम्हाला वास नाही आला?"

"आला," आजी म्हणाल्या.

"मग?"

वास आला होता. तो आला आणि गेला. कुणीतरी बघेल असं कुठेतरी आत वाटलं होतं. पण हे सांगायचं कसं? त्यांनी सुईत दोरा ओवला आणि मान खाली घातली.

सुनेने मग त्यांना डॉक्टरकडे नेलं. विसरण्याचा आजार सुरू झाला असेल अशी तिला धास्ती. डॉक्टरने वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. आजींनी दोनपर्यंत खाली आणून दाखवलं. पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी पुन्हा विचारले, आजींनी ते उलट्या क्रमाने सांगितले. डॉक्टर हसला. "बाई, ह्यांची स्मरणशक्ती ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा बरी."

"मग बटणं का विसरतात?"

"दुःखात होतं. लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा! सांगायला काय जातं. बसमध्ये तिकिटं फाडत कुठून लक्ष ठेवणार? सुनेनेच माळ्यावरून जुना रॉड काढला. तिचा हिशोब असा की गीझर वर भिंतीत असतो, तो दिसत नाही. रॉड बादलीत असतो, तो डोळ्यांना दिसतो, वाफ दिसते, मग विसरायला होणार नाही. शिवाय बटणावर तिने ठळक अक्षरांत कागद चिकटवला, "आई, बंद!" पहिले तीन दिवस तिची दुपारची ड्यूटी होती. आजींनी रॉड लावायचा, सुनेने उठून बंद करायचा. तिन्ही दिवस सगळं सुरळीत.

चौथ्या दिवसापासून सकाळची ड्यूटी लागली.

त्या दिवशी आजींनी साडेसहाला अर्धी बादली पाणी भरलं, आडव्या लाकडी काठीला रॉड अडकवला, तो पाण्यात खुणेपर्यंत बुडाल्याची खात्री केली आणि मग बटण दाबलं. दाबताना कागद वाचला. "आई, बंद!" वाचला आणि मनात म्हणाल्या, हो. मग पुढच्या खोलीत येऊन खिडकीशी बसल्या. शर्ट मांडीवर घेतला. ठकी झोपली होती.

पाणी अर्ध्या तासात तापतं हे त्यांना पाठ होतं. अर्धा तास झाला. पाणी उकळायला लागलं असणार. एक तास झाला. आजी काजामागून काज करत होत्या. साधारण आठ वाजता प्लास्टिक जळल्यासारखा वास आला. खाली कुणीतरी कचरा पेटवला असेल, असं त्यांना वाटलं. आणि त्यांनी पुढचा शर्ट घेतला.

ठकी उठून डोळे चोळत आत गेली आणि लगेच परत आली.

"आजी, बादली वितळली."

"काय?"

"बादली बसली खाली. आणि दांडा लाल झालाय. मी आत जाऊ का शूला? तिथे पाणी सांडलंय."

आता मात्र आजी उठल्या. कशा उठल्या ते त्यांनाही कळलं नाही. मोरीच्या दारातून काळा धूर छताला लागला होता. उकळून उकळून बादली मऊ पडली होती, रॉड कडेला टेकला होता, तिथे भोक पडून पाणी सगळ्या फरशीवर वाहून गेलं होतं. कोरडा रॉड लालबुंद. बादलीला आग लागली होती, तिथून ती शेजारच्या स्टुलाला आणि स्टुलावरच्या टॉवेलाला लागली होती. आणि उंबऱ्याच्या अलीकडे ठकीच्या ओल्या पावलांचे दोन ठसे होते. पाणी उंबऱ्याबाहेर वीतभर आलं होतं. ती तिथवर जाऊन आली होती.

कोपऱ्यात पाण्याची भरलेली टाकी होती. दुसरी कुणी असती तर तिने टाकीतला तांब्या घेऊन पाणी मारलं असतं आणि विजेचा झटका बसून तिथेच आटोपली असती. पण चौतीस वर्षं एका बॉयलरवाल्याच्या घरात काढलेली बाई ती. आधी मेन, मग माणूस, मग पाणी, हे आजोबा जेवताना भात कालवता कालवता सांगायचे. आजींनी ठकीला काखोटीला मारलं, दाराशेजारच्या बोर्डावरचं मेन स्विच खाली ओढलं, मोरीचं दार लावून घेतलं आणि ठकीला घेऊन जिन्यात आल्या. शेजारच्या दाराची कडी वाजवली. "आग लागलीय," त्या म्हणाल्या. पाहुणे आलेत, साखर आहे का, असं विचारावं इतक्या शांतपणे म्हणाल्या. शेजारीण आधी "या ना" म्हणाली.

आगीचा बंब आला. मोरी, दार, वरचं फळकुट आणि बाहेरचं कपडे धुवायचं मशीन गेलं. माणसं वाचली. ठकीला दवाखान्यात नेऊन तपासलं, छातीत काही नव्हतं. ती मात्र येईल त्याला सांगत होती, "आमची बादली वितळली. मीच बघितली आधी."

सून ड्यूटी सोडून आली. गणवेशात, गळ्यात तिकिटांची पिशवी तशीच. तिने आधी ठकीला चाचपून पाहिलं, मग मोरीकडे गेली. उंबऱ्याबाहेर काजळीच्या चिखलात कुणाकुणाच्या बुटांचे ठसे होते. आजी म्हणाल्या, "इथे हिचे पाय होते. इथवर." त्यांनी बोटाने दाखवलं. लपवायचं त्यांना सुचलंच नाही.

सून भिंतीला टेकून खाली बसली. मग तिने फोन काढला आणि आजींच्या देखत त्यांच्या बहिणीला लावला.

"मावशी, रविवारी या आणि आईंना घेऊन जा. नाही, थोडे दिवस नाही. ठकीला मी पाळणाघरात घालते. माझ्यात आता हिंमत नाही हो."

फोन ठेवून ती आजींना म्हणाली, "आई, मला राग नाही आला. मला भीती वाटतेय. तुमची." आणि रडली. आजींनी तिला पाणी दिलं. आपल्यालाही रडू यायला हवं, असं त्यांना वाटलं. आलं नाही. ठकी जाणार, एवढं एक वाक्य डोक्यात फिरत होतं, पण तेही दुसऱ्याच कुणाबद्दल असल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आगीच्या बंबाचे साहेब चौकशीला आले. सर्दीने नाक लाल झालेला, निवृत्तीला टेकलेला माणूस. बरोबर वायरमनलाही बोलावलं होतं, वायरिंग बघायला. साहेबांनी जळका रॉड वर धरून पाहिला, बादलीचा उरलेला निळा गोळा पाहिला, बोर्ड उघडायला लावला.

"एमसीबी पडला कसा नाही?" सुनेने विचारलं. दाराच्या चौकटीत ती हाताची घडी घालून उभी होती.

"त्याला काय कळतं, वहिनी!" वायरमन म्हणाला. "रॉड पाण्यात असो नाहीतर हवेत, करंट तेवढाच ओढतो. एमसीबी म्हणतो, सगळं ठीक आहे. तो जास्तीचा करंट बघतो, आग नाही बघत. आणि पाण्यातून माणसाला झटका बसताना तोडणारा वेगळा असतो, तो तुमच्याकडे नाहीच. मी तो बसवतोच ह्या वेळी. पण तोही शॉक अडवेल, उकळणारी बादली नाही अडवणार."

"लोखंडी बादली असती तर?"

"वितळली नसती," साहेब म्हणाले, "पण तुम्ही हात लावला असता आणि रॉड खराब असता, तर चिकटला असतात. रॉडला सुरक्षित बादली कुठलीच नाही बाई. सुरक्षित एकच, समोर उभं राहणं." ते शिंकले, रुमालाने नाक पुसलं आणि खुर्चीत बसून फॉर्म काढला. "आजी, बसा. दोन-चार प्रश्न. घाबरू नका."

आजी घाबरलेल्या नव्हत्याच. त्या समोर बसल्या.

"रॉड कुणी चालू केला?"

"मी."

"किती वाजता?"

"साडेसहा. अर्धी बादली. खुणेपर्यंत बुडवून मग बटण."

"शाबास. आधी पाणी, मग बटण. निम्मे लोक उलटं करतात." त्यांनी लिहिलं. "चालू असताना देखरेख कुणाची होती?"

"यांची," आजी म्हणाल्या.

साहेबांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने मान हलवली, माझी नाही.

"यांची म्हणजे कुणाची?"

"यांची. बंद हेच करतात."

"मग कुठे आहेत ते? कामावर?"

"नाही," आजी म्हणाल्या. "ते गेले. दोन महिने होतील."

पेन थांबलं. वायरमनच्या हातात स्क्रू होता, तो त्याने मुठीत धरून ठेवला. आजी स्वतःच्याच वाक्याकडे बघत बसल्या होत्या. बंद हेच करतात. त्यांनी ते मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं. त्यात काही खोटं नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही गीझर बंद केला नव्हता, हीटर बंद केला नव्हता, रॉड काढला नव्हता. जे आपण कधी केलंच नाही, ते विसरणार तरी कसं?

"मी विसरत नाही," त्या हळू म्हणाल्या. "मला वाटतं, हे करतील."

साहेबांनी चष्मा काढला. "आजी, मी ही नोकरी तीस वर्षं करतोय. दर हिवाळ्यात अशा आगी. चालू करायला घरातले सगळे, बंद करणारा एखादाच. तो एक गावाला जातो, आजारी पडतो, नाहीतर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग त्यांची नजर धुराने काळ्या पडलेल्या बोर्डावर गेली, बटणाशेजारी अजून अर्धा कागद चिकटलेला होता. "हा कागद कुणी लावला?"

"मी," सून म्हणाली.

"कागद चालू करताना वाचला जातो हो. बंद करायच्या वेळी माणूस बटणासमोर नसतोच. चूक तुमची नाही, सगळे असाच लावतात."

फॉर्ममध्ये त्यांनी काय लिहिलं कोण जाणे. जाताना त्यांनी आजींना वाकून नमस्कार केला. वायरमनने मुठीतला स्क्रू बोर्डात पिळला आणि तोही निघाला.

आता तुम्ही म्हणाल, सुनेला सगळं उमगलं, तिने सासूला मिठी मारली आणि झालं. काही नाही तसं झालं. कारण कळलं म्हणून ठकीचे पाय काही त्या उंबऱ्यापासून मागे सरकत नाहीत. त्या रात्री सून एवढंच म्हणाली, "आई, मला कळलं. पण मावशी रविवारी येणार आहेत." आणि आजींची बॅग तिने नीट भरली. दोन शाली, गुडघ्याचं तेल, काजांची सुई-दोऱ्याची डबी, ठकीचा एक फोटो. बॅग दाराशी ठेवली. आजींनी अडवलं नाही. सुनेचं चुकतंय असं त्यांना वाटतच नव्हतं.

शनिवारी वायरमन नवा गीझर लावून गेला, झटका अडवणारा स्विचही बसवला. नवं प्लास्टिक, नवा पांढरा रंग, खाली एक लाल दिवा. पाणी तापलं की दिवा विझेल, म्हणाला, पण दिव्यावर विसंबायचं नाही, बटण हाताने बंद करायचं. हे तो सुनेला सांगत होता. आजी मागे उभ्या राहून ऐकत होत्या.

रविवार उजाडला. सुनेला सुट्टी होती, ती आणि ठकी एकाच पांघरुणात झोपल्या होत्या. आजी सहाला उठल्या. आज शेवटची अंघोळ ह्या घरातली, असं मनात आलं. त्या जळक्या वासातच मोरीच्या उंबऱ्याशी गेल्या. हात बटणावर गेला. तिथे तो थांबला.

दोन महिने त्यांनी तो शब्द उच्चारला नव्हता. त्या सकाळी दोनदा म्हटला आणि उत्तर आलं नाही, तेव्हापासून तो घशातच राहिला होता. त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"चालू," त्या म्हणाल्या. आवाज चिरका आला. घसा खाकरून पुन्हा, "चालू!"

उत्तर आलं नाही. आत सून जागी झाली होती. ती पांघरुणात श्वास रोखून पडून राहिली. ऐकलं म्हणावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली नाही. आपण ऐकलं म्हटलं की आई तिथून निघणार, हे तिला कळत होतं.

आजींनी वाट पाहिली. नेहमी जेवढी पाहायच्या तेवढी. मग त्यांना कळलं. दोन महिन्यांपूर्वी अंथरुणाशी उभं राहून कळलं होतं ते डोक्याला. आत्ता जे कळलं ते हाताला कळलं. कुणी येणार नव्हतं. हे बटण आता त्यांच्याशिवाय कुणी बंद करणार नव्हतं.

त्या तिथून हलल्या नाहीत. गुडघे दुखायला लागले तरी उभ्या राहिल्या, चौकटीला हात धरून, लाल दिव्याकडे बघत. दहा मिनिटं, बारा मिनिटं. गीझरच्या टाकीत पाणी कुजबुजायला लागलं. मग टक्क करून बारीक आवाज झाला आणि दिवा विझला. आजींनी हात वर केला आणि बटण बंद केलं. आणि तोंडातून शब्द निघाला, जो ह्या घरात आजवर त्यांनी कधीच म्हटला नव्हता. त्यांचा नव्हताच तो.

"बंद!"

घरभर गेला. आणि आतून झोपेतल्या ठकीचा आवाज आला, लख्ख, आनंदाने फुटलेला.

"आजोबा आले?"

आजी खाली बसल्या. धुतलेल्या फरशीवर, उंबऱ्याला पाठ लावून. आणि मग आलं. पोटातून, छातीतून, दोन महिने जे कुठे जाऊन बसलं होतं ते सगळं एकदम. त्या तोंडावर पदर धरून हुंदक्यांवर हुंदके देत रडल्या, मोठ्यांदा, लाज सोडून. ठकी अनवाणी धावत आली आणि आजीला असं बघून थबकली.

"आजोबा नाही आले?"

"नाही गं, राणी."

ठकीने विझलेल्या दिव्याकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं. तिला ते जुळेना.

"मग बंद कुणी केलं?"

"मी," आजी म्हणाल्या. डोळे पुसले. "मी केलं."

दारात सून उभी होती. केस विस्कटलेले, डोळे आजींपेक्षा लाल. "ऐकलं," ती म्हणाली. मग तिने फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने दाराशी ठेवलेल्या बॅगेची चेन उघडली.

"मावशी, निघालात का? मग नका निघू. नाही, पुढच्या रविवारीही नको. तुम्हाला यायचं असेल तर या, पण राहायला या. न्यायला नको."